छोट्या उद्योगाचा कर्जकरार: हप्ते वेळेवर, तरी डिफॉल्ट? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूर भागातल्या लहान कारखानदारांचे कर्जाचे कागद सहीआधी वाचून देणं हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. सही झाल्यावर येणारे जास्त, पण ते असो. खालची सगळी उदाहरणं एकाच फाइलभोवती फिरतात. शिरोली एमआयडीसीत टर्निंगचे पार्ट बनवणारी दोन भावांची भागीदारी फर्म, 40 लाखांचं टर्म लोन आणि 25 लाखांची सीसी, म्हणजे रोजच्या खेळत्या भांडवलासाठीचं कॅश क्रेडिट खातं. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि आकडे सोपे केले आहेत.

मंजुरीपत्र नीट वाचलंय. मग करारही वाचायलाच हवा का?

हो, आणि तोही शेवटाकडून. मंजुरीपत्रात रक्कम, व्याज, मुदत, तारण आणि काही खास अटी असतात. करार मात्र छापील असतो, पन्नास-साठ पानांचा, आणि जिथे सही हवी तिथे बाणाचे रंगीत स्टिकर लावून टेबलावर येतो. माणूस स्टिकर बघत पानं उलटतो. नेमक्या स्टिकर नसलेल्या पानांवर डिफॉल्टची यादी असते.

मी आधी डिफॉल्टचं कलम काढतो. त्यात कुठल्या कुठल्या गोष्टी घातल्या आहेत ते पाहतो, मग त्याचे परिणाम सांगणारं कलम वाचतो आणि त्यानंतर मागे येऊन अटी वाचतो. अटी आधी वाचल्या की सगळ्याच सारख्या महत्त्वाच्या किंवा सारख्याच बिनमहत्त्वाच्या वाटतात. कुठली अट मोडली तर पूर्ण कर्ज मागता येतं हे आधी कळलं, तर वाचताना पेन्सिल कुठे थांबवायची हे समजतं.

आणखी एक गोष्ट बघा. मंजुरीपत्र आणि करार यांत फरक पडला तर कोणाचं खरं धरायचं, हे बहुधा एका ओळीत लिहिलेलं असतं. मॅनेजरसाहेबांनी मंजुरीपत्रात दिलेली सवलत छापील करार हिरावून घेत नाही ना, हे त्या ओळीवर ठरतं.

कोव्हेनंट म्हणजे नेमकं काय?

कर्ज फिटेपर्यंत तुम्ही पाळायच्या अटी. काही करायच्या असतात: विमा चालू ठेवणं, स्टॉक स्टेटमेंट देणं, ताळेबंद वेळेत देणं. काही न करायच्या: परवानगीशिवाय नवं कर्ज, भागीदारबदल, भांडवल काढणं. आणि काही आकड्यांच्या: अमुक गुणोत्तर अमुकच्या खाली जाता कामा नये. पहिल्या प्रकारच्या अटी विसरभोळेपणानं मोडतात, दुसऱ्या घरगुती निर्णयांमुळे. तिसऱ्या मोडल्याचं बऱ्याचदा ताळेबंद हातात येईपर्यंत कळतच नाही.

एकही हप्ता चुकलेला नाही. मग डिफॉल्ट कसा होईल?

हा प्रश्न मला सर्वात जास्त विचारला जातो. आपल्याकडे डिफॉल्ट म्हणजे हप्ता थकणं असंच डोक्यात बसलंय. करारातली व्याख्या त्याहून कितीतरी रुंद असते. हप्ता थकणं ही यादीतली फक्त पहिली ओळ. त्याखाली, मराठीत सांगायचं तर, साधारण असं असतं: ‘कर्जदाराने या कराराची कोणतीही अट पाळली नाही, कर्जदाराने दिलेली कोणतीही माहिती चुकीची निघाली, किंवा बँकेच्या मते कर्जदाराच्या परिस्थितीत प्रतिकूल बदल झाला’.

यातला ‘कोणतीही’ हा शब्द कारखान्याचा विमा आठ दिवस उशिरा भरणाऱ्याला आणि मशीन परस्पर विकणाऱ्याला एकाच रांगेत उभं करतो. प्रत्यक्षात कुठली बँक विम्याच्या आठ दिवसांसाठी कर्ज परत मागत नाही. मात्र उद्या दुसऱ्याच कारणानं संबंध बिघडले, शाखेतला माणूस बदलला किंवा तुमच्या धंद्याबद्दल मुख्यालयाचं मत फिरलं, तर हाच जुना मुद्दा फाइलमधून वर काढता येतो. वर ‘बँकेच्या मते’ या दोन शब्दांनी ठरवण्याचा अधिकारही बँकेकडेच ठेवलेला असतो.

आकड्यांची अट नेमकी कशी मोडते? उदाहरण द्या.

शिरोलीच्या फर्मला अट होती: डीएससीआर 1.25 च्या खाली जाऊ नये. म्हणजे वर्षभरात कर्जफेडीसाठी जितके पैसे लागतात, त्याच्या सव्वापट पैसे धंद्यातून निघायला हवेत.

त्यांचा हिशोब असा होता. निव्वळ नफा 6 लाख, घसारा 5 लाख, टर्म लोनचं व्याज 4 लाख, मिळून 15 लाख. वर्षाची फेड म्हणजे मुद्दल 8 लाख आणि व्याज 4 लाख, मिळून 12 लाख. 15 भागिले 12 म्हणजे बरोबर 1.25. अट पाळली गेली, पण अगदी काठावर.

पुढच्या वर्षी धंदा तेवढाच होता, हिशोबासाठी फेडही तेवढीच धरू. मुलांच्या फीसाठी दोघा भावांनी आपापला पगार महिन्याला साडेसात हजारांनी वाढवला. वर्षाचे झाले 1 लाख 80 हजार. कराचा फरक सोडला तर नफा 4 लाख 20 हजारांवर आला, वरची बेरीज 13 लाख 20 हजार झाली आणि गुणोत्तर 1.10. हप्ते सगळे वेळेवर गेले होते, मालाला मागणी होती, आणि कराराच्या भाषेत फर्म डिफॉल्टमध्ये होती. भावांना हे कळलं ते सप्टेंबरात, सीएकडून ऑडिट झालेला ताळेबंद आल्यावर. वर्ष तर मार्चलाच संपलेलं.

म्हणून आकड्याच्या अटीत मी तीन गोष्टी शोधतो. पहिली, व्याख्या: भागीदारांचा पगार नफ्यात परत मिळवायचा की नाही? मिळवायचा असता तर वरचं गुणोत्तर हललंच नसतं. दुसरी, घरच्यांनी बिनव्याजी घातलेले पैसे कर्ज धरायचे की भांडवल? एकूण देणी आणि स्वतःचं भांडवल यांच्या गुणोत्तरात यानं मोठा फरक पडतो. तिसरी, तपासणी कधी आणि कशावर: ऑडिट झालेल्या आकड्यांवर वर्षातून एकदा, की दर तिमाहीच्या अंदाजावर? ऊसतोडणीच्या यंत्रांचे पार्ट बनवणाऱ्याची एप्रिल-जून तिमाही नेहमीच मंद असते. त्याच्यावर तिमाही तपासणी लावली तर तो धंदा नीट चालूनही दरवर्षी नापास होईल.

स्टॉक स्टेटमेंट दोन-तीन महिने राहिलं तर काय मोठंसं बिघडतं?

बरंच. सीसीची मर्यादा 25 लाख असली तरी प्रत्यक्ष किती उचलता येईल ते ड्रॉइंग पॉवरवर ठरतं, म्हणजे स्टेटमेंटमधला माल आणि येणी यांतून बँकेचं मार्जिन वजा करून उरणाऱ्या रकमेवर. या फर्मचा एका महिन्याचा हिशोब बघा. माल 18 लाखांचा, त्यातले 9 लाख पुरवठादारांचे द्यायचे, म्हणजे स्वतःच्या पैशाचा माल 9 लाख. त्यावर 25 टक्के मार्जिन गेलं, उरले 6 लाख 75 हजार. येणी 28 लाख, पण त्यातली 6 लाखांची एका गिऱ्हाइकाकडे 90 दिवसांहून जास्त अडकलेली, ती मोजायचीच नाहीत. उरलेल्या 22 लाखांवर 40 टक्के मार्जिन गेलं की 13 लाख 20 हजार. दोन्ही मिळून ड्रॉइंग पॉवर 19 लाख 95 हजार. खात्यात उचल होती 23 लाख. म्हणजे मर्यादेच्या आत असूनही खातं 3 लाख 5 हजारांनी जास्त उचललेलं.

रिझर्व्ह बँकेच्या नियमांत सीसी खातं मर्यादेपेक्षा किंवा ड्रॉइंग पॉवरपेक्षा सलग 90 दिवस वर राहिलं तर ते एनपीए, म्हणजे अनुत्पादक खातं, ठरतं. तीन महिन्यांहून जुन्या स्टेटमेंटवरून काढलेल्या ड्रॉइंग पॉवरवर उचल चालू राहिली तर तीही अनियमितच धरली जाते. आणि एनपीए खात्यागणिक ठरत नाही, कर्जदारागणिक ठरतो. सीसी एनपीए झाली की त्याच बँकेतलं तुमचं टर्म लोनही एनपीए, मग त्याचा हप्ता कालच भरलेला का असेना.

त्या 6 लाखांच्या अडकलेल्या बिलाचं मूळ शोधलं तेव्हा कळलं, की माल परत आलेला होता आणि क्रेडिट नोट काढायची राहिली होती. म्हणजे ते येणंच नव्हतं. स्टेटमेंटमध्ये मात्र ते कित्येक महिने ‘येणी’ म्हणून बँकेला दाखवलं जात होतं. चुकीची माहिती दिली, हे डिफॉल्टच्या यादीतलं वेगळं कलम. कारकुनाच्या आळसानं तेही लागू होत होतं.

भाऊ वेगळा होतोय. घरचा मामला आहे, बँकेला कशाला सांगायचं?

कारण बँकेनं कर्ज दोघांना मिळून दिलंय. भागीदारीच्या रचनेत बदल आणि भांडवल काढणं, या दोन्हींना बँकेची आगाऊ लेखी परवानगी लागेल, असं बहुतेक करारांत असतं. या फर्ममध्ये धाकटा भाऊ जूनमध्ये बाजूला झाला. नवं भागीदारीपत्र झालं, त्याला भांडवलापोटी 12 लाख दिले गेले. वकील होते, सीए होता, मामा मध्यस्थ होते. बँकेला पत्र लिहायचं कोणालाच सुचलं नाही. नूतनीकरणाच्या वेळी ताळेबंदात भांडवल 12 लाखांनी कमी दिसलं आणि परवानगी कुठाय असं विचारणारं पत्र आलं.

यात धाकट्याचंही नुकसान होतं. फर्ममधून बाहेर पडलं म्हणून बँकेच्या जुन्या कर्जातून सुटका होत नाही. बँक लेखी मोकळं करत नाही तोवर त्याची भागीदार म्हणून आणि जामीनदार म्हणूनही जबाबदारी चालूच राहते. त्याला हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ मामांकडे बघत राहिला.

माझ्या घरकर्जाचा हप्ता चुकला तर कारखान्याच्या कर्जाला धक्का लागतो का?

क्रॉस डिफॉल्टचं कलम असेल तर लागू शकतो. कर्जदारानं, भागीदारानं किंवा जामीनदारानं दुसऱ्या कोणत्याही कर्जात कसूर केली तर तीही इथली कसूर, असं ते म्हणतं. वाचताना तीन गोष्टी तपासा: यात कोणाकोणाची नावं येतात, किती रकमेपासून पुढे, आणि नुसता हप्ता चुकला की लागू की त्या दुसऱ्या बँकेनं कर्ज परत मागितल्यावरच. जामीनदार सासरे असतील आणि त्यांच्या ट्रॅक्टरच्या कर्जाचा एक हप्ता पावसामुळे लांबला, तर तुमचं 40 लाखांचं कर्ज अडचणीत येऊ नये. यात रकमेची किमान मर्यादा घालून मागणं अगदी वाजवी आहे.

‘सगळे पैसे आत्ताच भरा’ असं बँक नेमकं कधी म्हणू शकते?

इथे तीन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळल्या जातात. डिफॉल्ट म्हणजे करार मोडला. एनपीए म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे खातं वाईट ठरलं, साधारणपणे देणं 90 दिवसांहून जास्त थकल्यावर. आणि रिकॉल म्हणजे पुढच्या वर्षांचे हप्ते रद्द करून पूर्ण बाकी एकदम मागणं. डिफॉल्ट झाला म्हणून रिकॉल आपोआप होत नाही. बहुतेक करारांत तो बँकेचा पर्याय असतो आणि तो वापरण्यासाठी नोटीस द्यावी लागते. पण काही करारांत ‘नोटीस न देता, आपोआप’ असे शब्द असतात. ते दिसले की थांबा आणि बदलून मागा.

बँकांनी कर्ज परत मागण्याआधी करारात असेल तेवढ्या मुदतीची, आणि करारात काहीच नसेल तर वाजवी मुदतीची नोटीस द्यावी, अशी रिझर्व्ह बँकेच्या न्याय्य व्यवहार संहितेची अपेक्षा आहे. म्हणजे करारात ‘तीन दिवस’ लिहिलं असेल तर तुम्ही स्वतःच वाजवीपणाचा आधार घालवून बसता.

सीसीचं गणित वेगळं. ती मुळातच मागणीवर परत करायची असते, तिथे रिकॉलला फार कारण लागत नाही. धोका तेव्हा, जेव्हा टर्म लोनच्या करारातही कुठेतरी ‘बँकेने मागणी करताच’ असं घुसवलेलं असतं. मग पाच वर्षांची मुदत कागदावरच राहते आणि अटींवर घासाघीस करून काही हाती लागत नाही. एकाच छापील नमुन्यात दोन्ही प्रकारची कर्जं बसवली की हे होतं, आणि दाखवून दिलं तर शाखेतले लोक ते सहसा दुरुस्त करून देतात.

रिकॉलची नोटीस आली की लगेच कारखान्याला टाळं लागतं का?

नाही. तारणाचा ताबा घेण्यासाठी बँक सहसा सरफेसी कायद्याचा मार्ग धरते. त्यासाठी खातं आधी एनपीए झालेलं असावं लागतं. मग कलम 13(2) ची नोटीस येते, तिच्यात 60 दिवस असतात. तुम्ही लेखी हरकत घेतलीत तर बँकेनं 15 दिवसांत कारणांसह उत्तर द्यायचं असतं. ताब्याची कारवाई सुरू झाली तर 45 दिवसांच्या आत डीआरटीत, म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणात, जाता येतं. हे 60 दिवस कोणाच्या ओळखीनं साहेबांना फोन लावण्यात घालवू नका. हरकत लेखी, मुद्देसूद आणि पोच घेऊन द्या.

उद्यम नोंदणी असेल तर आणखी एक दार आहे. लघुउद्योगांच्या पुनरुज्जीवनाची चौकट केंद्र सरकारनं 29 मे 2015 च्या अधिसूचनेनं आणली. ती 25 कोटींपर्यंतच्या कर्जांना लागू आहे. खातं बिघडू लागलं की बँकेच्या समितीसमोर सुधारणेची योजना मांडता येते. प्रो निट्स प्रकरणात 1 ऑगस्ट 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयानं ही चौकट बँकांवर बंधनकारक असल्याचं सांगितलं, पण उद्योजकानंही वेळेत कागदपत्रांसह पुढे यायला हवं हेही बजावलं. सगळं उरकल्यावर उद्यमचं प्रमाणपत्र फडकावून फारसं काही मिळत नाही.

अट मोडली तर दंडव्याज किती लागू शकतं?

नव्या कर्जांवर आता ‘दंडव्याज’ नाही, ‘दंडशुल्क’ आहे, आणि हा नुसता नावाचा फरक नाही. रिझर्व्ह बँकेच्या 18 ऑगस्ट 2023 च्या परिपत्रकानुसार, 1 एप्रिल 2024 पासूनच्या नव्या कर्जांवर दंड व्याजदरात मिसळता येत नाही आणि दंडावर पुन्हा व्याजही लावता येत नाही. तो करारात स्पष्ट सांगितलेला असावा लागतो. जुने छापील नमुने वापरात असले तर ‘2 टक्के जादा व्याज’ अशी ओळ अजून सापडते. तिच्यावर बोट ठेवा.

छापील करारात काही बदलून मिळतं का?

पूर्ण करार नव्यानं लिहून मिळणार नाही, पण मंजुरीपत्रात किंवा वेगळ्या पत्रात चार ओळी मिळवता येतात. मी एकच गोष्ट मागायची असेल तर दुरुस्तीची मुदत मागतो. पैसे सोडून इतर अट मोडली तर बँकेनं लेखी कळवावं आणि 30 दिवसांत दुरुस्त केली तर डिफॉल्ट धरू नये. हिच्यावर शाखा सहसा फार अडत नाही, कारण ती स्वतःही व्यवहारात तेच करत असते. दुसरी मागणी, ‘बँकेच्या मते’ च्या पुढे ‘वाजवी कारणांवरून’ एवढे शब्द.

वेळ नाही म्हणून घाई करत असतील तर आठवण द्या. लघुउद्योगांच्या टर्म लोनसाठी 1 ऑक्टोबर 2024 पासून बँकेला मुख्य तथ्यांचं विवरण द्यावं लागतं, तेही तुम्हाला समजणाऱ्या भाषेत, आणि ते वाचून ठरवायला किमान तीन कामाचे दिवस मिळतात. मराठीत मागा. मात्र त्यात व्याज आणि शुल्कं कळतील, डिफॉल्टची पूर्ण यादी नाही. ते तीन दिवस करार वाचायला वापरा.

अट मोडलीय हे आत्ता कळलं. गप्प बसू की सांगू?

सांगा, पण ताळेबंद देण्याआधी आणि लेखी. शिरोलीच्या फर्मनं उशिरा का होईना, शेवटी लेखी कळवलं. पगार वाढल्यानं डीएससीआर किती आणि का घसरला, भावाचे 12 लाख का गेले, थोरल्यानं पुढच्या दोन वर्षांत किती भांडवल परत घालायचं ठरवलंय, हे दीड पानात लिहून त्या वर्षापुरती सूट मागितली. मॅनेजर म्हणाले, “काळजी करू नका, बघतो.” थोरला भाऊ समाधानानं उठायला लागला. मी त्याला बसवलं आणि तेवढंच पत्रावर लिहून मागितलं. कारण करारात जवळपास हमखास अशी ओळ असते, की बँकेनं एखाद्या वेळी कानाडोळा केला म्हणजे हक्क सोडला असं होत नाही. तोंडी आश्वासन त्या ओळीपुढे टिकत नाही, आणि मॅनेजरची बदली तर होणारच असते. सूट मिळाल्याचं पत्र सात आठवड्यांनी आलं: एका वर्षासाठी, डीएससीआर 1.10 पर्यंत चालेल, धाकट्या भावाचा जामीन मात्र कायम.